आटून झालेले कापड पुन्हा का आटते

‘प्रीश्रंक आहे, बिनधास्त घ्या.’ कापडाच्या दुकानात हे वाक्य ऐकले की गिऱ्हाईक पुढचा प्रश्न विचारत नाही. ‘सॅन्फोराइज्ड’ म्हटले तर अजिबातच नाही. आणि मग तिसऱ्या धुण्यानंतर पँट घोट्याच्या वर दिसू लागली की तोच माणूस म्हणतो, ‘लेबल खोटे होते, फसवले.’

या दोन्ही बोलण्यांच्या मागे एकच समजूत आहे आणि ती बहुतेकांची आहे. ती नीट मांडली तर अशी होते : सुती कापड आटते ते पहिल्या पाण्यात. गिरणीने ते आधीच आटवून दिले, तर आटायला काही उरत नाही. तेव्हा असे लेबल लावलेले कापड आटता कामा नये, आणि आटलेच तर लेबल खोटे. हा पूर्वपक्ष वरवर इतका सरळ आहे की त्यात खोट काढणे वकिली वाटावे. पण त्याची तिन्ही विधाने कच्ची आहेत. कापड पहिल्या पाण्यातच सगळे आटत नाही. गिरणी जे करते त्याला आपल्या अर्थाने ‘आटवून देणे’ म्हणता येत नाही. आणि ‘प्रीश्रंक’ हे लेबल पुढे काय होईल याबद्दल बहुतेक वेळा काहीच सांगत नाही, त्यामुळे ते खोटे ठरण्याचा प्रश्नच येत नाही.

आधी कापड आटते म्हणजे काय होते ते पाहू. सर्वसाधारण समज अशी की धागाच आखूड होतो. सुताचा तंतू पाण्यात फुगतो हे खरे, पण तो फुगतो जाडीला. लांबीत त्याच्या फारसा फरक पडत नाही. मग कापड आखूड कशाने होते? उत्तर विणीत आहे. उभा धागा, म्हणजे ताणा, सरळ रेषेत जात नसतो. एका आडव्या धाग्याच्या वरून, पुढच्याच्या खालून, असा तो नागमोडी जातो. मागावर ताणा ताणून धरलेला असतो. पुढे खळ काढणे, ब्लीच, रंगाई, वाळवण या प्रत्येक टप्प्यावर हजारो मीटर कापड टोकाला टोक जोडून यंत्रांतून ओढले जाते आणि ओढ नेहमी लांबीच्याच दिशेने असते. त्या ओढीने ताण्याचा नागमोडीपणा कमी होतो, तो जवळजवळ सरळ होतो. कापड लांबते. तसेच कोरडे होते, तसेच गुंडाळले जाते.

हे कापड घरी पाण्यात पडले की धागे जाड होतात. जाड झालेल्या बाण्याला वळसा घालायला ताण्याला जास्त लांबी लागते. ती आणायची कुठून? धाग्याची लांबी तर वाढत नाही. म्हणून आडवे धागेच एकमेकांजवळ सरकतात आणि कापड आखूड होते. वाळल्यावर धागे पुन्हा बारीक होतात, पण नव्या जागी बसलेली वीण घर्षणामुळे तिथेच राहते. धुतलेली जीन्स सकाळी घट्ट आणि संध्याकाळी सैल वाटते त्याचे कारणही हेच. दिवसभर उठण्या-बसण्यात वीण पुन्हा थोडी ताणली जाते. म्हणजे आटणे ही एकदा होऊन कायमची संपणारी घटना नाही. ओढले की लांबायचे आणि सैल सोडले, भिजवले, घुसळले की जवळ यायचे, अशी ती दोन्ही बाजूंना सरकणारी अवस्था आहे. हे एकदा ध्यानात आले की पूर्वपक्षाचा पाया ढासळतो.

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या सॅनफोर्ड क्लुएट या अभियंत्याने नेमका हाच धागा पकडला. क्लुएट, पीबडी अँड कंपनी ही ‘ॲरो’ कॉलर आणि शर्ट बनवणारी कंपनी त्याच्या घराण्याची. पहिल्या महायुद्धानंतर सुटी कॉलर मागे पडू लागली आणि कॉलर शिवूनच लावलेले शर्ट खपू लागले. सुटी कॉलर खळ देऊन कडक करून येई. शिवलेली कॉलर मात्र शर्टाबरोबर धुतली जाई आणि आटली की गळ्याला फास बसे. शिवणारे आधीपासून मोठी मापे काढत, पण किती मोठी काढायची हे कुणाच्याच हातात नव्हते. क्लुएटचे म्हणणे असे पडले की गिरणीने कापड ओढून लांबवले आहे, तर ते पाण्यात टाकण्याची वाट कशाला बघायची? यंत्रानेच ते मागे ढकलावे. १९३०च्या सुमारास ही पद्धत बाजारात आली आणि तिला त्याच्याच नावावरून ‘सॅन्फोराइज्ड’ हे नाव मिळाले.

हे यंत्र जवळून पाहण्यासारखे आहे, कारण लेबलाच्या मर्यादा त्याच्या रचनेतच आहेत. कापडावर आधी पाण्याचा फवारा किंवा वाफ मारून ते दमट करतात. मग दोन्ही काठांना चिमट्यांनी धरून त्याचा पन्हा ठरलेल्या मापावर आणतात. त्यानंतर ते खऱ्या कामाच्या जागी येते. तिथे सुमारे अडीच इंच जाडीचा एक अखंड रबरी पट्टा फिरत असतो. खोडरबर बोटांत वाकवला तर त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली आक्रसते. या पट्ट्याचेही तसेच होते. लहान रुळावरून जाताना त्याचा बाहेरचा पृष्ठभाग ताणलेला असतो आणि नेमके तेव्हाच कापड त्यावर टेकवतात. पुढच्याच क्षणी पट्टा तापलेल्या मोठ्या सिलिंडरला उलट्या बाजूने बिलगतो. जो पृष्ठभाग बाहेर होता तो आत येतो आणि आक्रसतो. पट्टा आणि सिलिंडर यांच्या चिमटीत सापडलेले कापड घसरू शकत नाही. रबराबरोबर त्यालाही आक्रसावे लागते. आडवे धागे जवळ येतात, ताणा पुन्हा नागमोडी होतो. मग जाड फेल्टला लागून एका मोठ्या गरम सिलिंडरवरून नेताना ती अवस्था वाळवून पक्की करतात.

या वर्णनात कापड कुठे धुतले गेले? कुठेच नाही. ते फक्त दमट केले आणि दाबून मागे सारले. आपण म्हणतो ते ‘आधीच आटवून दिलेले’ कापड म्हणजे खरे तर जितके आटेल असा अंदाज होता तितके लांबीत ढकललेले कापड. तो अंदाज कसा काढतात हेही सांगायला हवे. रंगाई झालेल्या ठाणातून एक तुकडा कापून त्यावर मापाच्या खुणा करतात, ठरलेल्या रीतीने धुतात, वाळवतात आणि पुन्हा मोजतात. समजा लांबीतल्या ५० सेंटीमीटरच्या खुणा ४५.५ वर आल्या, तर आट ९ टक्के. आता यंत्रावर कापड साधारण तितके ढकलायचे. चाचणीचा तुकडा एका जागचा आणि ठाण शेकडो मीटर लांब. फवारा कमी पडला, सिलिंडर पुरेसा तापला नाही, पट्ट्याचे रबर जुने होऊन कडक झाले किंवा यंत्रातून निघाल्यावर गुंडाळताना कापड पुन्हा ओढले गेले, तर ढकलण्यात कमी पडते. कटिंगच्या टेबलावर थरावर थर अंथरताना कारागिराने ताणून लावले तरी थोडे परत जाते. जे ढकलायचे राहिले किंवा ढकलून पुन्हा ओढले गेले, ते कापडात शिल्लक राहते. या शिल्लक आटीवरच सगळा वाद आहे.

इथे दोन लेबलांत मोठा फरक पडतो, आणि बाजार तो फरक पुसून टाकतो. ‘सॅन्फोराइज्ड’ हे क्लुएट, पीबडी कंपनीचे नोंदवलेले चिन्ह होते. ते वापरण्याचा परवाना घेणाऱ्या गिरणीला बंधन असे की प्रमाणित धुलाई चाचणीत कापडाची शिल्लक आट उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांना १ टक्क्याच्या आत राहिली पाहिजे. माल तपासला जाई. म्हणजे हे चिन्ह ‘यंत्रातून काढले’ एवढेच सांगत नसे; निकाल काय लागला तेही सांगे. आपल्या गिरण्यांनीही हा परवाना घेतला होता आणि त्या काळच्या जाहिरातींत ‘सॅन्फोराइज्ड’ हा शब्द मोठ्या अक्षरांत मिरवत असे. घराघरांतल्या वडीलधाऱ्यांचा या शब्दावर अजून विश्वास आहे तो उगीच नाही. मात्र त्या चिन्हानेही शून्य टक्क्याचे वचन कधी दिले नव्हते. वचन होते एक टक्क्याच्या आतले.

‘प्रीश्रंक’ला असे कुठलेही माप जोडलेले नाही. कापडावर काहीतरी आट काढण्याची क्रिया झाली, इतकेच ते सांगते. किती काढली आणि किती उरली, हे सांगत नाही. १२ टक्के आटणाऱ्या कापडातली ७ टक्के काढून ५ टक्के ठेवली, तरी ते प्रामाणिकपणे ‘प्रीश्रंक’च आहे. ही आजची तक्रार नव्हे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९३८ साली विणलेल्या सुती कापडासाठी नियम केले, त्यांत हेच पकडले होते : कापडात आट शिल्लक असेल तर नुसते ‘प्रीश्रंक’ म्हणायचे नाही, किती टक्के शिल्लक आहे तो आकडा सोबत द्यायचा. आकड्याविना हा शब्द दिशाभूल करतो, हे तेव्हा सरकारी कागदावर आले होते. आजही शब्द तोच आहे. आकडा मात्र लेबलावर सहसा नसतो.

आजच्या ‘सॅन्फोराइज्ड’बद्दलही सावध असावे. जीन्सच्या आणि शर्टिंगच्या व्यापारात हा शब्द आता बऱ्याचदा ‘रबरी पट्ट्याच्या यंत्रातून काढलेले’ एवढ्याच अर्थाने बोलला जातो. मूळ चिन्हाचा परवाना आणि त्याची एक टक्क्याची अट त्यामागे असेलच असे नाही. क्रिया तीच असली तरी निकालाची हमी त्याच शब्दाबरोबर येत नाही.

‘पण गिरणीला आट शिल्लक ठेवायची हौस का असेल? यंत्र आहे, तर पूर्ण ढकलावे की.’ हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मीटरपट्टीत आहे. कापड मीटरवर विकले जाते. वरच्या उदाहरणातले ९ टक्के आटणारे १००० मीटर कापड घ्या. सगळी आट निघाली तर ते ९१० मीटर होणार. गिरणीने १ टक्का शिल्लक ठेवली तर विकायला सुमारे ९१९ मीटर मिळतात. ३ टक्के ठेवली तर ९३८, आणि ५ टक्के ठेवली तर ९५८. दहा हजार मीटरच्या मालात १ आणि ३ टक्के यांतला फरक जवळपास १९० मीटर पडतो. हे १९० मीटर कापड मागावर विणलेच गेले नव्हते. ते फक्त ताणातून आले आहे आणि गिऱ्हाइकाच्या बादलीत नाहीसे होणार आहे. शिवाय जास्त ढकललेले कापड दर चौरस मीटरला जड होते आणि त्याच वजनात कमी मीटर भरते. म्हणून आट काढणे हा गिरणीला तोट्याचा सौदा आहे. खरेदीदाराने आकडा मागितल्याशिवाय ती तो मनापासून करणार नाही. निर्यातीच्या ऑर्डरींत विणलेल्या कापडाला साधारण ३ टक्क्यांची मर्यादा घालतात. त्या ऑर्डरींचे कपडे ३ टक्क्यांच्या आत राहतात ते या करारामुळे. करारात जे लिहिलेले नसते ते गिरणी फुकट देत नाही, यात तिचा दोष काढण्यात अर्थ नाही.

आकडे छोटे वाटतात म्हणून ते अंगावर घालून पाहू. १०४ सेंटीमीटर लांबीची पँट १ टक्का आटली तर १ सेंटीमीटर जाते, कुणाच्या लक्षातही येत नाही. ३ टक्के आटली तर ३ सेंटीमीटर, म्हणजे बूट घातल्यावर मोजे दिसतात. ५ टक्के असेल तर ५ सेंटीमीटर, आणि पँट धाकट्या भावाची होते. ४० सेंटीमीटरच्या कॉलरचे १ टक्क्याने ४ मिलिमीटर जातात, ३ टक्क्यांनी १२. शर्टाच्या गळ्याची मापे अर्ध्या अर्ध्या इंचाने वाढतात आणि अर्धा इंच म्हणजे पावणेतेरा मिलिमीटर. तेव्हा ३ टक्के आटलेली कॉलर म्हणजे जवळजवळ एक अख्खे माप लहान. क्लुएटने १ टक्क्याची रेघ मारली त्यामागे हाच हिशेब असणार असे मला वाटते. कॉलरवाल्याला दोन टक्केही परवडण्यासारखे नव्हते.

पूर्वपक्षाच्या बाजूने कुणी म्हणेल, हे सगळे लांबीचे झाले, पण शर्ट तर छातीतही घट्ट होतो. हा आक्षेप उलट माझ्याच बाजूने जातो. रबरी पट्टा कापड लांबीत ढकलतो. रुंदीत ढकलण्याची सोय त्याच्यात नाही. पन्ह्याच्या दिशेने आट काढायची तर एकच मार्ग असतो. यंत्राच्या तोंडाशी चिमट्यांनी धरताना पन्हा कमी ओढायचा, म्हणजे धुतल्यावर जितका राहील तितकाच ठेवायचा. पण बाजाराला पन्हा मोठा हवा असतो, कारण त्यात कपडे जास्त बसतात. म्हणून कापड रुंदीला ताणून वाळवण्याचा मोह होतो. १४७ सेंटीमीटरवर स्थिर होणारे कापड १५० वर ताणून दिले, की २ टक्के आडवी आट जमा झाली. लांबीत उत्तम निघालेले कापड छातीत दगा देते ते यामुळे. गिऱ्हाईक मात्र लांबीचेच बघते, कारण पँट लांबीला चुकली की लगेच कळते आणि छातीला चुकली की माणूस स्वतःच्या पोटाला दोष देतो.

आता चाचणीकडे येतो, कारण लेबलाच्या वचनाचा अर्धा जीव तिच्यात आहे. ‘१ टक्क्याच्या आत’ म्हणजे कुठल्या धुण्यात? प्रयोगशाळेत तुकडा कसा खुणावायचा, कुठल्या यंत्रात, किती तापमानाला, कुठल्या साबणाने, किती वजनाच्या इतर कपड्यांबरोबर धुवायचा आणि कसा वाळवायचा, हे सगळे ठरलेले असते. आयएसओ ६३३० या प्रमाणात धुण्याच्या आणि वाळवण्याच्या रीती दिल्या आहेत, तर आयएसओ ५०७७ मध्ये मापातला बदल कसा काढायचा ते आहे. वाळवण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत : दोरीवर, निथळत टांगून, आडवे पसरून, आणि गरम हवेत गरगर फिरवणाऱ्या ड्रायरमध्ये. एकच कापड या वेगवेगळ्या रीतींत वेगवेगळे आटते. दोरीवर वाळताना ओल्या कापडाचे स्वतःचे वजन त्याला थोडे खाली ओढून धरते. ड्रायरमध्ये ते सैल सुटलेले असते आणि सतत आपटत असते, त्यामुळे वीण आणखी जवळ येते. पुण्यात घेतलेला सुती कुर्ता इथे चार वर्षे नीट बसतो आणि न्यू जर्सीला मुलाकडे गेला की दोन धुण्यांत तोकडा होतो, त्याचे कारण पाणी किंवा साबण यापेक्षा ड्रायर हे असण्याचीच शक्यता जास्त.

पहिल्या पाण्याचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. सुती कापडाची बहुतेक आट पहिल्या धुण्यात निघते हे खरे, सगळी नाही. पहिल्या पाण्याने मागावरचा आणि रंगाईतला ताण सुटतो. पण घासणे, पिळणे, यंत्रातले घुसळणे यांनी धागे आणखी सरकतात आणि उरलेली आट पुढच्या दोन-चार धुण्यांत हळूहळू येते. म्हणूनच प्रयोगशाळा पुष्कळदा एकाऐवजी तीन किंवा पाच धुण्यांनंतर मोजतात. व्हिस्कोस रेयॉनचे तर विचारूच नका. तो पाण्यात सुतापेक्षा जास्त फुगतो, ओला असताना दुबळा होतो आणि सहज ताणला जातो. त्याचे आटणे सुतापेक्षा जास्त दिवस रेंगाळते. पॉलिएस्टर याच्या उलट. ते पाण्यात जवळपास फुगतच नाही आणि गिरणीत उष्णतेने आकार पक्का केलेला असतो. टेरिकॉट एके काळी घरोघर पोचले त्यात न चुरगळण्याइतकाच न आटण्याचाही वाटा होता.

टी-शर्टाच्या गळ्यामागे ‘प्रीश्रंक कॉटन’ छापलेले दिसते, तिथे ही सगळी चर्चा वेगळ्या जातीची होते. होजिअरीत ताणा-बाणा नसतो. तिथे धाग्याचे फास एकमेकांत गुंतलेले असतात. प्रक्रियेत ते फास लांबट ओढले जातात आणि धुतल्यावर गोलाकडे परत जातात. त्यामुळे टी-शर्ट उंचीला आटतो आणि कधी कधी रुंदीला पसरतो. धुतलेला टी-शर्ट आखूड आणि पोटावर ढगळ होतो ते हेच. त्याची आट काढायला वेगळे यंत्र लागते, ज्याला व्यापारात कॉम्पॅक्टर म्हणतात. क्लुएटच्या कंपनीने होजिअरीसाठी ‘सॅन्फर-निट’ हे वेगळे चिन्ह काढले होते. एका यंत्राचे वचन दुसऱ्या विणीला लागू पडत नाही, ही कबुली त्यातच आहे. चांगल्या होजिअरी मालातही ५ टक्क्यांपर्यंत आट सर्रास स्वीकारली जाते. ७० सेंटीमीटर उंचीच्या टी-शर्टावर ती साडेतीन सेंटीमीटर होते. तेव्हा टी-शर्टावरचा ‘प्रीश्रंक’ आणि शर्टिंगवरचा ‘प्रीश्रंक’ यांच्यात तुलना करू नये.

आणखी एक प्रकार असा की कापड लेबलाप्रमाणेच वागते आणि तरीही कपडा बिघडतो. लेबल कापडाचे असते, पण कपड्यात एकापेक्षा जास्त कापडे असतात. ब्लाउज शिवायला देताना आपल्या बायका अस्तर आधी पाण्यातून काढून देतात, साडीचा फॉलही भिजवून घेतात, ते याच अनुभवातून. वरचे रेशीम १ टक्का आटले आणि आतले सुती अस्तर ५ टक्के, तर शिवणीला सुरकुत्या पडतात आणि बाही आत खेचली जाते. शर्टाच्या कॉलरीतली कडक पट्टी आणि वरचे कापड यांची आट जुळली नाही, तर कॉलर फुगे आल्यासारखी दिसते. कापडाचे लेबल तिथे निर्दोष असते. जीन्सचा पाय धुतल्यावर शिवण पुढे येईल असा पिळतो, तोही आटीचा प्रकार नव्हे. तिरप्या विणीतले धागे सैल होताना कलतात. लांबी-रुंदीची मोजणी अगदी चोख निघाली तरी हा पीळ तिच्यात दिसत नाही.

अस्तर पाण्यातून काढण्याची रीत योग्य आहे, पण ती पुरेशी आहे हा समज पुन्हा अर्धवट. रात्रभर बादलीत बुडवून ठेवलेल्या कापडाचा ताण सुटतो, घुसळण होत नाही. म्हणून नुसत्या भिजवण्याने निघालेली आट आणि वॉशिंग मशीनमध्ये निघणारी आट सारख्या नसतात. पुढे जसे धुणार तसेच आधी धुवायला हवे. मशीनमध्ये धुणार असाल तर मशीनमध्ये, दोरीवर वाळवणार असाल तर दोरीवर.

लेबलावर आकडा नसेल तर तो घरी काढता येतो. शिवायच्या कापडाचा साधारण ६० सेंटीमीटर लांब-रुंद तुकडा वेगळा काढा. जास्तीचे एवढे कापड घेणे महागात पडत नाही. काठापासून दोन बोटे आत, न जाणाऱ्या शाईने किंवा रंगीत दोऱ्याच्या टाक्याने, काठाच्या दिशेने ५० सेंटीमीटरवर दोन खुणा करा आणि तशाच दोन पन्ह्याच्या दिशेने. कुठली जोडी उभी ते लिहून ठेवा. कडा उसवू नयेत म्हणून सरळ टाका मारून घ्या. मग तो रोजच्या कपड्यांबरोबर तीन वेळा धुवा, दर वेळी पूर्ण वाळू द्या. मोजण्यापूर्वी सुरकुत्या हाताने हलके मोडा. ओलसर असताना इस्त्री ओढत फिरवली तर आटलेले पुन्हा लांबते आणि माप खोटे येते. उभ्या खुणा ४८.५ वर आल्या तर ५० मधून दीड गेले, दर शेकडा ३. आडव्या ४९.५ वर आल्या तर १. आता शिंप्याला सांगायला तुमच्याकडे आकडा आहे.

एक टक्क्याच्या आत आले तर सरळ शिवायला टाका. दोन-तीन टक्के आले तर सगळे कापड आधी त्याच रीतीने धुऊन मगच द्या. त्याहून जास्त निघाले तर धुऊन झाल्यावर कापड पुरते का ते पुन्हा मोजा : तीन मीटरच्या कापडातून ५ टक्के गेले की पंधरा सेंटीमीटर कमी होतात, आणि पूर्ण बाहीचा शर्ट बेतताना तेवढ्यासाठी बाही जोड देऊन काढावी लागते. रेडीमेड घेत असाल तर तुकडा कापता येणार नाही. पाठीची उंची, छाती आणि पँटची आतली लांबी दुकानातून आल्या आल्या टेपने मोजून बिलामागे लिहून ठेवा. तीन धुण्यांनंतर तक्रार करायची वेळ आली तर दुकानदारापुढे ‘आटला’ या शब्दाऐवजी दोन मापे ठेवता येतील. आणि कापड दुकानात जाल तेव्हा ‘प्रीश्रंक आहे का’ विचारून थांबू नका. ‘उभी आट किती टक्के आणि आडवी किती’ असे विचारा. उत्तर आले नाही तर बेतापेक्षा एक वीत कापड जास्त घ्या आणि पँटच्या दुमडीत दोन इंच सोडायला सांगा.